पीसीए आणि कोव्हेरियन्स मॅट्रिक्सचे आयगेनव्हेक्टर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पीसीए, म्हणजे प्रिन्सिपल कॉम्पोनंट ॲनालिसिस, यावरचे प्रश्न फिरून फिरून त्याच काही जागांवर येतात. ते इथे एकत्र केले आहेत, सोप्याकडून अडचणीच्या प्रश्नांकडे. सगळ्या उत्तरांत एकच छोटा डेटा वापरला आहे: एका झाडाच्या पाच पानांची लांबी आणि रुंदी, मिलिमीटरमध्ये. आकडे मुद्दाम असे निवडले आहेत की सगळं कागदावर करून बघता येईल. कागद-पेन घेऊनच बसा.

| पान | लांबी | रुंदी |
|---|---|---|
| १ | ३६ | २८ |
| २ | ३८ | २८ |
| ३ | ४० | ३२ |
| ४ | ४२ | ३२ |
| ५ | ४४ | ३० |

१. पीसीए नेमकं करतं काय? आधी थोडक्यात सांगा.

ही पाच पानं आलेखावर मांडली, लांबी आडवी आणि रुंदी उभी, तर ठिपक्यांचा एक तिरका पुंजका दिसतो. लांब पानं साधारणपणे रुंदही आहेत. पीसीए विचारतं की हा पुंजका सगळ्यात जास्त कुठल्या दिशेने पसरला आहे? त्या दिशेला पहिला मुख्य घटक म्हणतात. मग त्या दिशेला काटकोनात राहून उरलेला सगळ्यात जास्त पसारा शोधायचा, तो दुसरा घटक. रकाने पन्नास असले तरी हेच पुढे चालू राहतं.

म्हणजे पीसीए जुने रकाने गाळत नाही आणि त्यांतून ‘चांगले’ निवडतही नाही. ते अक्ष फिरवतं. नव्या अक्षांपैकी ज्यांवर पसारा नगण्य आहे ते सोडायचे की ठेवायचे, हा निर्णय नंतर आपण घेतो.

२. कोव्हेरियन्स मॅट्रिक्स हाताने कशी काढायची?

आधी प्रत्येक रकान्याची सरासरी काढा. लांबीची ४०, रुंदीची ३०. त्या वजा केल्या की लांबीचा रकाना −४, −२, ०, २, ४ होतो आणि रुंदीचा −२, −२, २, २, ०.

आता तीन बेरजा करायच्या. लांबीच्या वर्गांची बेरीज १६ + ४ + ० + ४ + १६ = ४०. रुंदीच्या वर्गांची ४ + ४ + ४ + ४ + ० = १६. आणि पानागणिक लांबी गुणिले रुंदी यांची बेरीज ८ + ४ + ० + ४ + ० = १६. पानं पाच, म्हणून प्रत्येक बेरजेला त्याहून एक कमी, म्हणजे चाराने भागा: १०, ४ आणि ४.

```
C = [ 10   4 ]
    [  4   4 ]
```

कर्णावर व्हेरियन्स बसतात: लांबीचा १० आणि रुंदीचा ४. कर्णाबाहेरचा ४ हा दोघांचा मिळून, म्हणजे कोव्हेरियन्स. तो धन आहे म्हणजे दोन्ही सोबत वाढतात. लांबीचा रुंदीशी जो कोव्हेरियन्स, तोच रुंदीचा लांबीशी, म्हणून ही मॅट्रिक्स नेहमी सिमेट्रिक असते. हे आत्ता किरकोळ वाटेल, पण सहाव्या प्रश्नात सगळं त्यावरच उभं राहतं.

पाचाने का भागलं नाही? भागलं असतं तरी चाललं असतं. सगळे आकडे एकाच पटीत बदलतात, त्यामुळे दिशा तशाच राहतात आणि टक्केवारीही. फक्त दोन प्रोग्रॅमची उत्तरं ताडून बघताना हा फरक डोक्यात ठेवा.

३. व्हेरियन्स तर रकान्याचा असतो. ‘एखाद्या दिशेतला व्हेरियन्स’ हे काय प्रकरण आहे?

आलेखावर मध्यबिंदूतून कुठलीही रेषा काढा आणि प्रत्येक ठिपक्याची त्या रेषेवर लंबरूप सावली पाडा. रेषेवर पाच सावल्या मिळतात, म्हणजे पाच आकडे. त्या आकड्यांचा व्हेरियन्स हा त्या दिशेतला व्हेरियन्स. रेषेची दिशा एक लांबीच्या व्हेक्टरने सांगितली, त्याला w म्हटलं, तर दर वेळी सावल्या पाडायची गरज नाही. मॅट्रिक्समधूनच उत्तर मिळतं:

```
var(w) = wᵀ C w
```

काही दिशा घेऊन बघू. सरळ आडव्या दिशेत, म्हणजे (१, ०), उत्तर १०. तो लांबीचाच व्हेरियन्स आहे. सरळ उभ्या दिशेत ४. बरोबर मधल्या तिरक्या दिशेत, म्हणजे (१, १), गणित (१० + ४ + ४ + ४) ÷ २ = ११. खाली २ ने भागलं, कारण (१, १) ची लांबी एक नाही, तिचा वर्ग २ आहे. म्हणजे तिरकं गेल्याने फायदा झाला. थोडं आडव्याकडे झुकून (३, १) घेतलं तर ११.८. आणि (२, १) घेतलं तर (४० + १६ + ४) ÷ ५ = १२.

ह्याच्या वर जाऊन दाखवा. शंभर दिशा वापरून पाहिल्या तरी १२ ओलांडता येत नाही. पहिला मुख्य घटक (२, १) च्या दिशेत आहे. आपण तो चाचपडत शोधला, चाचपडायची गरज का नाही ते पुढच्या उत्तरात.

४. ठीक आहे, पण यात आयगेनव्हेक्टर कुठून उपटला?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आणि सगळ्यात घाईत उरकलं जाणारं उत्तर. बहुतेक ठिकाणी ‘लग्रांज मल्टिप्लायर लावला की येतो’ असं म्हणून पान उलटतात. ते खरं आहे, पण तेवढ्याने काही दिसत नाही.

कल्पना करा की रेषा एका खिळ्याभोवती फिरते आहे आणि शेजारी एक काटा त्या दिशेतला व्हेरियन्स दाखवतो आहे. रेषा फिरवताना काटा वर चढतो, एका जागी शिखर गाठतो आणि उतरू लागतो. अगदी शिखरावर असताना रेषा किंचित इकडे किंवा तिकडे वळवली तर काटा जवळपास हलत नाही. शिखराची खूणच ती.

आता w ही दिशा तिला काटकोनात असलेल्या u कडे किंचित वळवली, तर व्हेरियन्समधला बदल uᵀCw ह्या आकड्याच्या प्रमाणात होतो. शिखरावर बदल शून्य हवा, म्हणून uᵀCw = 0. याचा अर्थ Cw ह्या व्हेक्टरचा w ला काटकोनात असलेला भाग शून्य आहे. मग Cw ला w च्याच रेषेत असण्यावाचून गत्यंतर नाही:

```
C w = λ w
```

हीच आयगेनव्हेक्टरची व्याख्या, आणि λ हा आकडा त्याची आयगेनव्हॅल्यू. बाहेरून आणून चिकटवलेली नाही, ‘शिखरावर काटा हलत नाही’ ह्या वाक्याचं ते गणितातलं रूप आहे.

आपल्या पानांवर तपासा. w = (२, १) घेतला तर C ने गुणून (२४, १२) येतो. दिशा तीच, लांबी बारापट. उलट (१, १) घेतला तर (१४, ८) येतो, म्हणजे मॅट्रिक्सने त्याला आडव्या बाजूला ओढलं. तो शिखरावर नव्हता आणि कुठे सरकायचं तेही मॅट्रिक्सनेच सांगितलं. पुन्हा गुणा: (१७२, ८८). आणखी एकदा: (२०७२, १०४०). आडवं भागिले उभं हे गुणोत्तर बघा: १, मग १.७५, मग १.९५, मग १.९९. ते २ कडे चाललं आहे, म्हणजे (२, १) कडे. नुसत्या वारंवार गुणाकाराने मुख्य घटक हाती येतो. ह्या पद्धतीला पॉवर इटरेशन म्हणतात.

५. आयगेनव्हॅल्यू कशा काढायच्या, आणि त्यांचा अर्थ काय?

दोन बाय दोनच्या मॅट्रिक्समध्ये शाळेतलं वर्गसमीकरण पुरतं. दोन्ही आयगेनव्हॅल्यूंची बेरीज म्हणजे कर्णाची बेरीज, १४. त्यांचा गुणाकार म्हणजे डिटर्मिनंट, ४० − १६ = २४. बेरीज १४ आणि गुणाकार २४ असलेले आकडे १२ आणि २.

प्रत्येक आयगेनव्हॅल्यू म्हणजे तिच्या आयगेनव्हेक्टरच्या दिशेतला व्हेरियन्स. तिसऱ्या प्रश्नात (२, १) साठी आलेला १२ तो हाच. एकूण व्हेरियन्स १४ पैकी १२ पहिल्या घटकात गेला, म्हणून पहिला घटक ८५.७ टक्के व्हेरियन्स ‘सांभाळतो’ असं म्हणायचं. उरलेले १४.३ टक्के दुसऱ्यात. फिरवण्याआधी बेरीज १० + ४ होती आणि फिरवल्यावर १२ + २. एकूण पसारा बदलत नाही, त्याची वाटणी बदलते.

६. दुसरा घटक पहिल्याला काटकोनातच का? आपण तसं ठरवलं म्हणून?

शोधताना आपण ती अट घालतो हे खरं, पण न घालताही उत्तर तेच आलं असतं. सिमेट्रिक मॅट्रिक्सच्या दोन वेगळ्या आयगेनव्हॅल्यूंचे आयगेनव्हेक्टर काटकोनातच असतात. दुसरा आयगेनव्हेक्टर (१, −२) आहे: C ने गुणला की (२, −४), म्हणजे दुप्पट. आणि (२, १) बरोबर त्याचा डॉट गुणाकार २ − २ = ०.

कारण छोटं आहे. w म्हणजे (२, १) आणि u म्हणजे (१, −२) घ्या. uᵀCw हा आकडा दोन्ही बाजूंनी वाचता येतो. उजवीकडून वाचला तर १२ गुणिले uᵀw, डावीकडून वाचला तर २ गुणिले uᵀw. एकाच आकड्याची बारापट आणि दुप्पट सारखी असेल, तर तो आकडा शून्यच. डावीकडून वाचता येतं ते मॅट्रिक्स सिमेट्रिक आहे म्हणूनच.

याचा उपयोगी परिणाम असा की नव्या अक्षांवरच्या आकड्यांमध्ये कोव्हेरियन्स उरत नाही. पण कोव्हेरियन्स नाही म्हणजे ते स्वतंत्र आहेत असं समजू नका. प्रश्न १५ मधलं वर्तुळ पाहा.

७. नवे आकडे, म्हणजे स्कोअर, कसे येतात? आणि एक घटक सोडला तर नक्की काय हरवतं?

सरासरी वजा केलेली ओळ घ्या आणि एक लांबीच्या आयगेनव्हेक्टरशी डॉट गुणाकार करा. (२, १) ची लांबी √५ आहे, म्हणून पहिला स्कोअर म्हणजे (२ × लांबी + रुंदी) ÷ √५. पाचव्या पानासाठी (८ + ०) ÷ २.२३६ = ३.५८. पाचही पानांचे स्कोअर −४.४७, −२.६८, ०.८९, २.६८, ३.५८. त्यांचा व्हेरियन्स काढा, १२ च येईल.

आता दुसरा घटक सोडून दिला आणि फक्त ३.५८ जवळ ठेवला. त्यावरून पान परत उभं करायचं तर ३.५८ ला (२, १) ÷ √५ ने गुणायचं आणि सरासरी मिळवायची. येतं ४३.२ आणि ३१.६. खरं पान ४४ बाय ३० होतं. म्हणजे लांबीत ०.८ मिलिमीटर कमी, रुंदीत १.६ जास्त. पाचवं पान इतरांच्या मानाने लांबट आहे आणि नेमकं ते लांबटपणच हरवलं. पहिला घटक पानाचा आकारमान सांगतो, दुसरा ठेवण. दुसरा सोडल्यावर सगळी पानं एकाच ठेवणीची दिसतात. हरवणाऱ्या गोष्टीला असं नाव देता आलं तर निर्णय बराच सोपा होतो.

८. ही तर रिग्रेशनचीच रेषा झाली ना?

नाही. रिग्रेशन लांबीवरून रुंदीचा अंदाज करतं आणि फक्त उभ्या दिशेतली चूक मोजतं. इथे त्याचा उतार ४ ÷ १० = ०.४ येतो. पीसीए ठिपक्यापासून रेषेपर्यंतचं लंब अंतर मोजतं, उतार ०.५. कार्ल पिअरसनने १९०१ साली ही कल्पना मांडली ती ह्याच रूपात, ठिपक्यांना सगळ्यात जवळून जाणारी रेषा म्हणून. सगळ्यात जास्त पसारा आणि सगळ्यात कमी लंब अंतर ह्या दोन अटी एकच आहेत, कारण पायथागोरसच्या प्रमेयाने सावली आणि लंब मिळून ठिपक्याचं मध्यापासूनचं अंतर होतं. ते अंतर ठरलेलं आहे, त्यामुळे एक वाढला की दुसरा घटतो.

९. हे सगळं कोडमध्ये कसं लिहायचं? माझं उत्तर जुळत नाही.

```python
import numpy as np
X = np.array([[36,28],[38,28],[40,32],[42,32],[44,30]], float)
Xc = X - X.mean(axis=0)
C = np.cov(Xc, rowvar=False)
lam, V = np.linalg.eigh(C)
lam, V = lam[::-1], V[:, ::-1]
scores = Xc @ V
```

`lam` मध्ये १२ आणि २ यायला हवेत. न जुळण्याची नेहमीची कारणं तीन. `rowvar=False` विसरलात तर `np.cov` ओळींना रकाने समजतं आणि पाच बाय पाचची मॅट्रिक्स देतं. `eigh` आयगेनव्हॅल्यू चढत्या क्रमाने देतं, त्यामुळे उलटं केलं नाही तर सगळ्यात निरुपयोगी घटक पहिला बसतो.

तिसरं कारण जास्त फसवं आहे. आयगेनव्हेक्टर `V` च्या रकान्यांत असतात, म्हणजे `V[:, 0]`. पुष्कळजण `V[0]` लिहितात. दोन रकान्यांच्या डेटात ही चूक लपून राहते, कारण तिथे ओळीतले आणि रकान्यातले आकडे सारखेच येतात, फार तर चिन्ह बदलतं. तीन रकाने झाले की उत्तर बिघडतं आणि कोणी ओरडतही नाही. scikit-learn च्या `components_` मध्ये मात्र ते ओळींत असतात, त्यामुळे गोंधळ वाढतो. तपासायचा एकच भरवशाचा मार्ग: `C @ V[:, 0]` आणि `lam[0] * V[:, 0]` जुळतात का ते बघा.

`eig` ऐवजी `eigh` का, हेही विचारलं जातं. `eigh` सिमेट्रिक मॅट्रिक्ससाठीच आहे, काटकोन राखतं आणि खरे आकडेच देतं. `eig` कुठल्याही क्रमाने देतं, आणि राउंडिंगमुळे मॅट्रिक्स जराशी असिमेट्रिक झाली तर क्वचित कॉम्प्लेक्स आकडेही हातात ठेवतं.

१०. सरासरी वजा करायला विसरलो तर फार बिघडतं का?

बिघडतं, आणि वर छान दिसतं. `np.cov` स्वतःच सरासरी वजा करतं, त्यामुळे वरच्या कोडमध्ये मॅट्रिक्स वाचते. पण पुष्कळजण हाताने `X.T @ X / (n-1)` लिहितात, तिथे ही चूक होते. आपल्या पानांवर तसं केलं तर पहिला आयगेनव्हेक्टर जवळपास (०.८, ०.६) येतो आणि तो ९९.९ टक्के सांभाळतो. हा (०.८, ०.६) कोण? (४०, ३०) ला ५० ने भागा. तो शून्यापासून सरासरीकडे जाणारा बाण आहे. पुंजका कसा पसरला आहे हे विचारायचं होतं, उत्तर मिळालं तो कुठे आहे याचं. पहिला घटक सरासरीच्याच दिशेत निघाला तर आधी हाच संशय घ्या.

११. स्केलिंग करायचं की नाही? कोणी करा म्हणतं, कोणी नको म्हणतं.

आधी एक प्रयोग. पानांची लांबी सेंटिमीटरमध्ये लिहा: ३.६, ३.८, ४.०, ४.२, ४.४. रुंदी मिलिमीटरमध्येच राहू द्या. पानं तीच, फक्त एक एकक बदललं.

```
C = [ 0.1  0.4 ]
    [ 0.4  4.0 ]
```

आता आयगेनव्हॅल्यू ४.०४ आणि ०.०६. पहिला आयगेनव्हेक्टर (०.१०, ०.९९), म्हणजे जवळजवळ निव्वळ रुंदी. आणि तो ९८.६ टक्के सांभाळतो! आधीच्या ८५.७ पेक्षा ‘सुधारणा’ झाली. ह्या आकड्याला मी स्वतः एकदा भुललो आहे. वेगवेगळ्या एककांतले रकाने तसेच पीसीएला दिले, पहिल्याच घटकात जवळपास सगळं आलं म्हणून खुश झालो, आणि दोन दिवसांनी कळलं की तो घटक म्हणजे सगळ्यात मोठ्या आकड्यांचा एक रकाना होता, बाकी काही नाही. तेव्हापासून टक्केवारीच्या आधी आयगेनव्हेक्टर छापून बघतो.

म्हणून रकाने वेगवेगळ्या एककांत असतील तर प्रत्येकाला त्याच्या स्टँडर्ड डेव्हिएशनने भागा. तेव्हा तुम्ही कोव्हेरियन्सऐवजी कोरिलेशन मॅट्रिक्सचे आयगेनव्हेक्टर काढत असता. आपल्या पानांचं कोरिलेशन ०.६३२, त्यामुळे आयगेनव्हॅल्यू १.६३२ आणि ०.३६८, वाटा ८१.६ टक्के, दिशा (१, १). इथे एक गंमत आहे: दोनच रकाने असतील आणि कोरिलेशन धन असेल, तर स्केलिंगनंतर पहिली दिशा नेहमी (१, १) च येते, डेटा काहीही असो. त्यामुळे दोन रकान्यांवर स्केलिंग करून ‘दोन्ही सारखेच महत्त्वाचे निघाले’ असा निष्कर्ष काढू नका.

एकक एकच असेल आणि मोठा पसारा खरोखर मोठा मानायचा असेल, जसं सगळी मोजमापं मिलिमीटरमध्ये, तर स्केलिंग न करणंच मला योग्य वाटतं. scikit-learn चं `PCA` सरासरी वजा करतं पण स्केलिंग करत नाही. हवं असेल तर आधी `StandardScaler` तुम्हालाच लावावा लागतो.

१२. मैत्रिणीच्या लॅपटॉपवर सगळी चिन्हं उलट आली. कोण चुकलं?

कोणीच नाही. (२, १) आयगेनव्हेक्टर असेल तर (−२, −१) देखील आहे. रेषा तीच, बाण उलटा. त्यासोबत स्कोअरचीही चिन्हं उलटतात, त्यामुळे परत उभं केलेलं पान तेच येतं. म्हणून ‘ऋण आहे म्हणजे वाईट’ असं वाचू नका. एकाच घटकातल्या दोन आकड्यांची चिन्हं एकमेकांसारखी आहेत की विरुद्ध, एवढंच वाचायचं असतं.

चिन्हं सोडून आकडेच वेगळे आले तर मात्र दोन आयगेनव्हॅल्यू एकमेकींच्या फार जवळ आहेत का ते बघा. ५.१ आणि ५.० असतील तर काही ओळी काढल्या-घातल्या तरी दोन्ही दिशा भलतीकडे फिरू शकतात. त्या दोन दिशांचं मिळून होणारं प्रतल टिकतं, त्यातला एकेक अक्ष टिकत नाही. अशा अक्षांना अर्थ चिकटवायच्या भानगडीत पडू नये.

१३. घटक किती ठेवायचे? ९५ टक्क्यांचा नियम बरोबर आहे का?

तो नियम नव्हे, सवय आहे. पीसीएला तुमचं उद्दिष्ट माहीत नसतं, त्याला फक्त पसारा दिसतो. समजा दोन जातींची पानं सारख्याच आकारमानाची आहेत, फक्त एक जात लांबट आणि दुसरी गोलसर. मग त्यांना वेगळं करणारी सगळी माहिती दुसऱ्या घटकात, त्या १४.३ टक्क्यांत आहे (प्रश्न ७). तो सोडला तर उरलेल्या ८५.७ टक्क्यांत जाती ओळखता येणार नाहीत. पुढे क्लासिफायर लावायचा असेल तर घटकांची संख्या टक्केवारीवरून न ठरवता क्रॉस-व्हॅलिडेशनने ठरवा.

टक्केवारी किती ठिसूळ असते ते चुकीच्या नोंदीवरूनही दिसतं. पाचव्या पानाची लांबी ४४ ऐवजी ४४० टाइप झाली, तर लांबीचा व्हेरियन्स १० वरून ३२ हजारांच्या वर जातो, पहिला घटक सरळ आडवा होतो आणि ९९.९९ टक्के सांभाळतो. ही टक्केवारी म्हणजे एक टायपिंगची चूक. स्कोअरचा आलेख काढा: एक ठिपका लांब कोपऱ्यात आणि बाकी सगळे एका ढिगात असतील, तर आधी ती ओळ उघडून बघा.

१४. नवा डेटा आला की पीसीए पुन्हा चालवायचं? आणि ओळींपेक्षा रकाने जास्त असतील तर?

पहिल्याचं उत्तर नाही. ट्रेनिंगची सरासरी आणि ट्रेनिंगचेच आयगेनव्हेक्टर वापरायचे. ४१ बाय २९ चं नवं पान आलं तर (४०, ३०) वजा करा, (१, −१) येतं, आणि पहिला स्कोअर (२ − १) ÷ √५ = ०.४५. त्या एकट्या पानावर `fit_transform` चालवलंत तर त्याची सरासरी तेच पान, फरक शून्य, स्कोअरही शून्य. शंभर पानांच्या टेस्ट डेटावर हीच चूक इतकी उघडी पडत नाही, पण होते तीच. टेस्टवर फक्त `transform`.

दुसऱ्याचं: पाच ओळी आणि पन्नास रकाने असतील तर शून्य नसलेल्या आयगेनव्हॅल्यू जास्तीत जास्त चार. पाच ठिपके सरासरीभोवती मांडले की ते चार मितींच्या बाहेर जाऊच शकत नाहीत. बाकीच्या शून्य असायला हव्यात, संगणक तिथे `-1e-16` सारखं काहीतरी छापतो. तो ऋण व्हेरियन्स नाही, राउंडिंगचा कचरा आहे. रकाने दहा हजार असतील तर कोव्हेरियन्स मॅट्रिक्सच बनवू नका, ती एकटी ८०० एमबी खाते. `Xc` वर थेट एसव्हीडी, म्हणजे सिंग्युलर व्हॅल्यू डिकॉम्पोझिशन, चालवा. सिंग्युलर व्हॅल्यूचा वर्ग भागिले (n − 1) म्हणजे आयगेनव्हॅल्यू: आपल्या पानांचे वर्ग ४८ आणि ८ येतात, चाराने भागले की पुन्हा १२ आणि २.

१५. माझा डेटा स्पष्टपणे एका वर्तुळावर आहे, तरी पीसीए ५०-५० टक्के सांगतं. असं का?

कारण कोव्हेरियन्स मॅट्रिक्सला वर्तुळ दिसतच नाही. ठिपके वर्तुळावर सगळीकडे सारखे विखुरले असतील तर आडवा व्हेरियन्स आणि उभा व्हेरियन्स सारखे, आणि कोव्हेरियन्स शून्य. अशी मॅट्रिक्स कुठल्याही व्हेक्टरला दिशा न बदलता गुणते, म्हणजे प्रत्येक दिशा आयगेनव्हेक्टर. चौथ्या प्रश्नातला काटा कुठेही फिरवला तरी हलत नाही, शिखरच नाही. वर्तुळावरची जागा खरं तर एका कोनाने सांगता येते, पण तो कोन लांबी-रुंदीच्या बेरीज-वजाबाकीतून मिळत नाही, आणि पीसीए त्यापलीकडे काही करू शकत नाही. इथे केंद्रापासूनचं अंतर आणि कोन असे दोन नवे रकाने हाताने बनवले तर अंतराच्या रकान्याचा व्हेरियन्स जवळपास शून्य निघेल, आणि डेटा एकाच मितीचा आहे हे पीसीए न चालवताच दिसेल.